एका तासात एकच सवय

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये एक प्रयोग झाला. राज्यशास्त्राच्या संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी १,२२४ लोकांवर तो केला. त्यांतल्या काही जणांना प्रशिक्षकांनी प्रत्यक्ष भेटून, तासभर समोर बसून खोट्या बातम्या तपासण्याची साधनं दाखवली. बाकीच्यांना हे प्रशिक्षण मिळालं नाही. पुढे दोन्ही गटांची परीक्षा घेतली, तेव्हा तासभर शिकलेल्यांचा निकाल सरासरीनं काही फारसा चांगला नव्हता. सत्ताधारी पक्षाच्या समर्थकांमध्ये तर परिणाम उलटा दिसला. आपल्या पक्षाच्या सोयीच्या खोट्या बातम्या ओळखण्यात ते आधीपेक्षा कच्चे ठरले.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रायन मूर आणि जेफ हॅनकॉक यांचा. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे खास ज्येष्ठांसाठी तयार केलेला, साधारण तासाभराचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम होता. तो पूर्ण करणाऱ्यांचं बातमीतलं खरं-खोटं ओळखण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर गेलं. अभ्यासक्रम न केलेल्या ज्येष्ठांत जवळजवळ काहीच फरक पडला नाही.

दोन्हीकडे वेळ सारखाच, निकाल मात्र वेगळे. अर्थात दोन्हींत बरेच फरक आहेत. अमेरिकेतले ज्येष्ठ स्वतःहून शिकायला आले होते, बिहारमध्ये ऐन निवडणुकीचा धुरळा होता. पण आपल्या गावच्या ज्येष्ठ नागरिक संघात किंवा विरंगुळा केंद्रात 'व्हॉट्सअ‍ॅपवरचं खरं-खोटं' अशी तासाभराची कार्यशाळा घ्यायची असेल, तर हे दोन निकाल शेजारी ठेवूनच आखणीला बसावं. तास पुरतो की नाही, हे त्या तासात काय ठेवलं आणि काय वगळलं यावर बरंच अवलंबून असतं.

काय वगळायचं?

पहिल्या तासातून राजकारण पूर्ण बाहेर ठेवावं. राजकीय अफवा कमी घातक असतात म्हणून नव्हे. पक्ष, जात, धर्म यांचा विषय निघाला की माणूस मेसेज तपासत नाही, आपली बाजू सांभाळतो, आणि बिहारच्या प्रयोगात नेमकं तेच डोकं वर काढताना दिसतं. तपासण्याची रीत आधी अशा मेसेजवर शिकवावी, ज्याच्या खोटं ठरण्यानं कुणाचं मन दुखावणार नाही. आरोग्य, सरकारी योजना, हवामान, पेन्शन असे विषय त्यासाठी पुरेसे आहेत.

दुसरी वगळायची गोष्ट म्हणजे पैशांची फसवणूक. 'आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा' हा मेसेज आणि 'गरम पाण्यानं अमुक रोग बरा होतो' हा मेसेज, दोन्ही खोटेच. पण पहिल्यात कुणीतरी तुमच्या खात्यावर टपलेलं असतं आणि उपाय म्हणजे तो नंबर न लावणं. दुसरा तुमच्या नणंदेनं काळजीपोटी पाठवलेला असतो आणि उपाय म्हणजे तो तपासणं. दोन्ही एका तासात कोंबले की सभासद घाबरून घरी जातात आणि शिकत काहीच नाहीत. फसवणुकीसाठी वेगळा तास ठेवावा. आज फक्त १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर छापील चिठ्ठीवर द्यावा आणि पुढे जावं.

तिसरी गोष्ट वगळताना जीवावर येतं. 'खोटा मेसेज ओळखण्याच्या दहा खुणा' अशी यादी देऊ नये. अशुद्ध लेखन, उद्गारचिन्हांची माळ, लाल अक्षरं या खुणा फसव्या आहेत. सोसायटीच्या पाण्याची खरी सूचनाही अशुद्ध लिहिलेली असते, आणि खोटं सरकारी परिपत्रक राजमुद्रेसकट सुबक छापलेलं असतं. एका तासात एकच सवय लावता येते: पुढे पाठवण्याआधी मेसेजच्या बाहेर पडून एकदा विचारायचं.

आदल्या आठवड्यात

कार्यशाळेचं निम्मं काम तो तास सुरू होण्याआधीच होतं. आठवडाभर आधी संघाच्या सचिवांना विनंती करावी, की गटावर आलेले, तुम्हाला शंकास्पद वाटलेले आणि खरे वाटलेले असे दहा-पंधरा मेसेज मला पाठवा. पाठवणाऱ्यांची नावं काढून टाकावीत. कोणाचा मेसेज होता हे सभागृहात कधीही कळता कामा नये. निवृत्त मुख्याध्यापकांनी पाठवलेला मेसेज त्यांच्याच माजी सहकाऱ्यांसमोर खोटा ठरवला, तर ते पुन्हा येणार नाहीत आणि त्यांचे मित्रही येणार नाहीत.

या मेसेजमधून आठ निवडावेत: चार खरे, चार खोटे. प्रत्येकाची तपासणी स्वतः करून ठेवावी, खऱ्यांचीही तितक्याच कसोशीनं. खरे मेसेज घेण्याचा आळस बहुतेक ठिकाणी होतो आणि तिथेच कार्यशाळा बिघडते. सगळेच नमुने खोटे असले, तर सभासद शिकतात ते एवढंच, की व्हॉट्सअ‍ॅपवरचं काहीच खरं नसतं. मग महापालिकेची खरी सूचनाही ते उडवून लावतात.

खऱ्यांमध्ये एखादा 'हे खरं असूच शकत नाही' असा वाटणारा मेसेज जरूर असावा. सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण, हा मेसेज त्यासाठी उत्तम. ही तरतूद ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. मात्र योजना खरी असली तरी मेसेजमधली लिंक खरी असेलच असं नाही, हेही याच उदाहरणावर सांगता येतं.

जागेची तयारी साधी आहे. वीसपेक्षा जास्त माणसं नकोत, आणि दर पाच जणांमागे एक मदतनीस हवा. कॉलेजची मुलंमुली हे काम छान करतात, फक्त त्यांना एक नियम घालून द्यावा: आजी-आजोबांचा फोन आपल्या हातात घ्यायचा नाही. बोट त्यांचंच चालू द्यायचं, आपण शेजारी बसून सांगायचं. मुलांनी फोन घेतला की अर्ध्या मिनिटात काम होतं आणि शिकणारा प्रेक्षक होऊन बसतो. नमुन्याचे मेसेज मोठ्या अक्षरांत कागदावर छापून द्यावेत, म्हणजे प्रोजेक्टर बंद पडला तरी अडत नाही. आणि सर्वांना वाचायचा चष्मा आणि चार्ज केलेला फोन आणायला सांगावं.

तासाची मांडणी

पहिली आठ मिनिटं चिठ्ठ्यांची. आठ मेसेजचे चार-चारचे दोन संच करावेत, प्रत्येकात दोन खरे आणि दोन खोटे. अर्ध्या सभागृहाला पहिला संच, अर्ध्याला दुसरा. प्रत्येक मेसेजपुढे तीन चौकोन: खरं, खोटं, तपासावं लागेल. नाव लिहायचं नाही, फक्त खूण करून चिठ्ठी डब्यात टाकायची. उत्तरं आत्ता सांगायची नाहीत. तासाच्या शेवटी संचांची अदलाबदल करून हेच पुन्हा करायचं आहे.

पुढची दहा मिनिटं एका व्हिडिओची. रस्त्यावर मुलं खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार होतात. एवढाच तुकडा 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' अशा मजकुरासह २०१८ मध्ये भारतभर फिरला. मूळ फीत कराचीतल्या 'रोशनी हेल्पलाइन' या संस्थेसाठी बनवलेली जनजागृतीची जाहिरात होती. तिच्या शेवटी तेच दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. सभागृहात आधी कापलेला तुकडा दाखवावा, मग संपूर्ण फीत. त्यानंतर एकच प्रश्न विचारावा: "कापलेला तुकडा कितीही वेळा, कितीही मोठा करून पाहिला असता, तर तो खोटा आहे हे कळलं असतं का?" नसतं कळलं. चित्र खरंच होतं, खोटा होता तो त्याला जोडलेला मजकूर. उत्तर मेसेजच्या बाहेर होतं.

याच वेळी राईनपाड्याचं नाव घ्यावं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना, मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणण्याचं जाहीर केलं, आणि पुढे पाठवलेल्या मेसेजवर तशी खूण दिसू लागली. आपल्या फोनवरच्या त्या बारीक बाणामागे हा काळ आहे, हे कळल्यावर माणसं बाणाकडे लक्ष देऊ लागतात.

इथून पाच मिनिटं बाणांची. एक बाण म्हणजे मेसेज पुढे पाठवलेला आहे, समोरच्यानं स्वतः लिहिलेला नाही. दोन बाण आणि Forwarded many times अशी अक्षरं म्हणजे मूळ पाठवणाऱ्यापासून तो किमान पाच हात बदलून आला आहे. 'माझ्या डॉक्टर जावयानं पाठवलंय' आणि 'माझ्या डॉक्टर जावयानं लिहिलंय' यांतला फरक हे बाण दाखवतात. मात्र बाण खरं-खोटं सांगत नाहीत. आरतीच्या शुद्ध पाठावरही दोन बाण असू शकतात. आणि मजकूर कॉपी करून नव्यानं चिकटवला, की बाण नाहीसे होतात. म्हणून दोन बाण दिसले तर तपासायचंच, आणि नाही दिसले म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

मग वीस मिनिटं फोन हातात. हा तासाचा गाभा आहे आणि काहीही झालं तरी यातली मिनिटं कापू नयेत. प्रत्येकानं गूगलचं अ‍ॅप उघडायचं, माईकच्या चिन्हावर बोट ठेवायचं आणि मराठीत बोलायचं. टंकलेखनाची भीती असणाऱ्यांसाठी हे मोठं वरदान आहे. मदतनिसांनी सुरुवातीलाच प्रत्येक फोनमध्ये बोलण्याच्या भाषांत मराठी आहे ना, एवढं बघून घ्यावं. बहुतेक जण अख्खा मेसेज वाचून दाखवू लागतात आणि हाती काही लागत नाही. त्यांना तीनच गोष्टी बोलायला शिकवावं: विषय, दावा, आणि 'फॅक्ट चेक' हे दोन शब्द.

सर्वांनी मिळून एक मेसेज तपासावा. वर्षानुवर्षं फिरणारा आणि ज्येष्ठांच्या जिव्हाळ्याचा मेसेज असा: एकटे असताना हार्ट अटॅक आला, तर जोरजोरानं खोकत राहा, जीव वाचेल. बोलायचे शब्द: 'हार्ट अटॅक खोकला फॅक्ट चेक'. निकाल आले की लगेच पहिल्यावर बोट ठेवू नये. आधी वरपासून खालपर्यंत शीर्षकं वाचावीत आणि प्रत्येकाच्या वर लिहिलेलं संकेतस्थळाचं नाव पाहावं. फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर, विश्वास न्यूज या तथ्य तपासणाऱ्या संस्था मराठीतही लिहितात. ही नावं फळ्यावर लिहून ठेवावीत. इथे हमखास होणारी गफलत म्हणजे तोच दावा करणारे पाच व्हिडिओ दिसले, की 'पाच जण सांगतायत' असं वाटणं. पाचही एकाच मेसेजवरून उचललेले असतील, तर ती साक्ष एकाचीच.

या मेसेजची गोष्ट तपासल्यावर अशी उलगडते. तो १९९९ पासून इंग्रजी ईमेलमधून फिरतो आहे. ज्या अमेरिकी रुग्णालयाचं नाव त्यात घातलं होतं, त्यानं हात झटकले. अमेरिकन हार्ट असोसिएशनही सामान्य लोकांना हा उपाय शिकवू नका असं सांगते. यात सत्याचा एक कण आहे: रुग्णालयात, मॉनिटर लावलेला असताना ठोके अचानक बिघडले तर डॉक्टर रुग्णाला क्षणभर खोकायला सांगतात, आणि उपचार होईपर्यंत शुद्ध टिकायला त्यानं मदत होऊ शकते. घरी मात्र गणित जमत नाही. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला जाणारा रक्तपुरवठा अडलेला असतो, पण हृदय बहुधा चालू असतं, तेव्हा खोकून अडथळा निघत नाही, फक्त वेळ जातो. आणि हृदय बंदच पडलं, तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, मग खोकणार कोण? बरोबर कृती एकच आहे: १०८ ला फोन. पूर्ण खोटं नसलेला मेसेज किती घातक असू शकतो, हे या एका उदाहरणातून कळतं.

यानंतर प्रत्येकानं आपल्या संचातला एक मेसेज स्वतः तपासावा. काहींना उत्तर मिळणार नाही, आणि ते मिळू नये हेही बरंच. 'काही सापडलं नाही, म्हणजे मी पुढे पाठवणार नाही' हेसुद्धा एक उत्तर आहे, हे त्या क्षणी सांगितलं की पटतं. केंद्र सरकारच्या योजनांबद्दलचा मेसेज असेल तर पीआयबी फॅक्ट चेकच्या ८७९९७११२५९ या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर तो पाठवून विचारता येतं. ते फक्त केंद्र सरकारशी संबंधित दावेच तपासतात, तेव्हा लसणाच्या औषधाबद्दल तिथे विचारू नये.

घरच्यांना सांगायचं कसं?

पुढची आठ मिनिटं या प्रश्नाला द्यावीत, कारण सभासदांची खरी अडचण बहुधा इथेच असते. वहिनींनी पाठवलेला मेसेज खोटा निघाला, आता काय? गटावर सर्वांसमोर 'हे खोटं आहे' लिहिलं तर संबंध बिघडतात. गप्प बसलं तर मेसेज पुढे जातो.

इथे आणखी एक अभ्यास उपयोगी पडतो. २००५ मध्ये इयान स्कर्निक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एखादा दावा खोटा आहे असं ज्येष्ठांना जितक्या वेळा सांगितलं, तितका तीन दिवसांनी तो त्यांना खरा म्हणून आठवण्याचा संभव वाढला. 'खोटं आहे' हे विसरलं जातं आणि ऐकल्याची ओळख तेवढी उरते. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. शिकवणाऱ्यानं खोटा मेसेज पडद्यावर रेंगाळत ठेवू नये आणि त्याचा पुनरुच्चार टाळावा. आणि सुधारणा करताना खरी गोष्ट आधी सांगावी.

सभासदांना जोडीनं सराव द्यावा. मेसेज पाठवणाऱ्याला गटावर नाही, खासगीत लिहायचं: "वहिनी, छातीत दुखलं तर लगेच १०८ ला फोन करायचा, असं डॉक्टर सांगतात. खोकण्याच्या मेसेजबद्दल मी बघितलं, तो बरोबर नाही. गटावर १०८ चं तुम्हीच टाकता का?" खरं आधी आलं, खोट्याचा उल्लेख ओझरता झाला आणि सुधारणेचा मान वहिनींकडेच राहिला. वहिनींनी मेसेज काळजीपोटीच पाठवला होता. ती काळजी तशीच ठेवून माहिती तेवढी बदलायची आहे.

शेवटची नऊ मिनिटं आणि त्यानंतर

आता संच बदलून पुन्हा चिठ्ठ्या भराव्यात, त्याला पाच मिनिटं. उरलेल्या वेळात आठही मेसेजची उत्तरं सांगावीत. तीही आधी काय खरं आहे ते, मग मेसेजचं नाव, या क्रमानं.

चिठ्ठ्यांचा हिशोब घरी जाऊन करावा आणि तो नीट वाचावा. समजा वीस जण होते. म्हणजे प्रत्येक फेरीत खोट्या मेसेजवर चाळीस खुणा आणि खऱ्यांवर चाळीस. आधी खोट्या मेसेजना 'खरं' म्हणणाऱ्या बावीस खुणा होत्या, नंतर आठच उरल्या, हे पाहून खूश होण्याआधी खऱ्या मेसेजचा रकाना पाहावा. तिथे 'खोटं'च्या खुणा सहावरून वीसवर गेल्या असतील, तर आपण ओळखायला शिकवलं नाही, संशय घ्यायला शिकवलं. दोन्ही रकान्यांत वाढायला हवी ती 'तपासावं लागेल' ही खूण, आणि खऱ्यांवरची 'खोटं' ही खूण वाढता कामा नये.

एका तासाची मर्यादाही मान्य करावी. याच संशोधक बद्रीनाथन यांनी सहकाऱ्यांसह पुढे बिहारमध्येच, तेरा हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर मोठा प्रयोग केला. त्यात एका बैठकीऐवजी काही आठवड्यांत विभागलेले वर्ग होते, आणि तिथे परिणाम दिसला. म्हणून सचिवांकडून तारीख घेताना एक नव्हे, दोन घ्याव्यात. दुसरी साधारण तीन आठवड्यांनी, मासिक सभेच्या आधी, फक्त वीस मिनिटांची. त्या दिवशी नवीन काहीच शिकवायचं नाही. प्रत्येकानं मधल्या काळात आलेला एक मेसेज आणायचा, माईकवर बोलून तपासायचा आणि काय सापडलं ते शेजाऱ्याला सांगायचं. ज्यांना माईकचं चिन्ह मदतनिसाशिवाय सापडेल, त्यांच्यापुरता पहिला तास कामी आला असं समजावं. ज्यांना सापडणार नाही, त्यांच्या शेजारी ती वीस मिनिटं बसावं.